दोन प्रती एकदम चालवून पाहा

जूनमधल्या एका सकाळी ९ वाजता पदवीच्या प्रवेशासाठी अर्ज केलेल्या मुलामुलींच्या फोनवर संदेश आला: तुमच्या अर्जाला छायाचित्र जोडलेले नाही, अर्ज अपूर्ण समजला जाईल. काहींना तो दोनदा आला, काहींना तीनदा, बऱ्याच जणांना एकदाही नाही. ज्यांना आला त्यांतल्या बहुतेकांनी आदल्या रात्रीच छायाचित्र चढवले होते आणि ते पडद्यावर उमटल्याचेही पाहिले होते. दुपारपर्यंत संस्थेच्या कार्यालयासमोर रांग लागली. लांबच्या गावांहून एसटीने आलेले पालक, हातात अर्जाची छापील प्रत. एका दिवसाची मजुरी बुडवून आलेली माणसेही त्यांत होती. खिडकीतला कारकून प्रत्येकाला हेच सांगत होता की अर्ज ठीक आहे, संदेशाकडे लक्ष देऊ नका. असे सांगणे किती धोक्याचे होते ते संध्याकाळी कळले, कारण त्या रांगेतल्या काही जणांचे छायाचित्र खरोखरच जोडलेले नव्हते.

आदल्या दिवशी एवढेच घडले होते. अर्जांची गर्दी वाढून साइट मंदावली. तंत्रज्ञाने सायंकाळी ६च्या सुमारास अमेझॉनच्या क्लाउडवर चालणाऱ्या त्या एकुलत्या सर्व्हरची इमेज घेतली, तिच्यापासून तसेच आणखी दोन सर्व्हर उभे केले आणि तिघांच्या पुढे येणाऱ्यांना वाटून देणारा लोड बॅलन्सर बसवला. अर्ध्या-पाऊण तासात साइट पळू लागली. दुसऱ्या दिवशी मला बोलावले तेव्हा तो कळवळून म्हणाला, “पण तिन्ही सर्व्हर अगदी एकसारखे आहेत हो, काडीचाही फरक नाही.” त्याचे म्हणणे शब्दशः खरे होते आणि बिघाडही नेमका त्यातच होता.

इमेज म्हणजे काय ते आधी पाहू. अमेझॉनच्या भाषेत तिला एएमआय म्हणतात. सर्व्हरला जोडलेल्या प्रत्येक डिस्कचा स्नॅपशॉट, म्हणजे त्या क्षणीच्या डिस्कची नक्कल, आणि कोणता स्नॅपशॉट कोणत्या नावाने जोडायचा याची नोंद, असा तो गठ्ठा असतो. स्नॅपशॉट सुरू होतो तो क्षण धरला जातो. नक्कल पूर्ण व्हायला पुढे कितीही वेळ लागो, त्या क्षणानंतर डिस्कवर लिहिलेले तिच्यात येत नाही. सर्व्हरचा आकार, त्याचा आयपी पत्ता, सिक्युरिटी ग्रुप नावाची त्याची तटबंदी, त्याला दिलेले अधिकार यांतले काहीच इमेजमध्ये नसते. ते प्रत्येक प्रत उभी करताना पुन्हा सांगावे लागते. डिस्कवर मात्र जे जे आहे ते सगळे येते. वेबसाइटचा कोड येतो, तशी ती चालवणाऱ्यांनी विसरून ठेवलेली प्रत्येक वस्तूही येते.

इमेज घेताना नेहमीच्या रीतीने सर्व्हर बंद होऊन पुन्हा सुरू होतो. याला कारण आहे. प्रोग्रॅमने लिहिलेली माहिती लगेच डिस्कवर जात नाही, काही काळ मेमरीतच थांबते. सर्व्हर नीट बंद झाला की ती खाली उतरते. गर्दीच्या वेळी साइट बंद पडू नये म्हणून आमच्या तंत्रज्ञाने बंद न करण्याचा पर्याय निवडला:

```
aws ec2 create-image \
  --instance-id i-0123456789abcdef0 \
  --name "pravesh-june" --no-reboot
```

अशी इमेज म्हणजे चालत्या यंत्राची वायर भिंतीतून उपटावी आणि त्या क्षणीची डिस्क हाती घ्यावी तसे. बहुतेक वेळा ती चालते. नव्या प्रतींमध्ये छायाचित्रांच्या दोन फायली शून्य बाइटच्या निघाल्या, त्या याच कारणाने: नाव डिस्कवर पोहोचले होते, मजकूर अजून मेमरीत होता. सर्व्हरवर डेटाबेस असता तर हा प्रकार दोन फायलींवर भागला नसता. सुदैवाने डेटाबेस वेगळ्या यंत्रावर होता.

आता त्या संदेशांचे कोडे. विद्यार्थ्याने चढवलेले छायाचित्र ही साइट सर्व्हरच्याच डिस्कवर, `/var/www/uploads` या फोल्डरमध्ये ठेवत असे. सर्व्हर एकच होता तोवर त्यात वावगे काही नव्हते. तीन झाल्यावर, रात्री ८ वाजता एखाद्या मुलीने छायाचित्र चढवले ते तिन्हींपैकी ज्या सर्व्हरकडे ती गेली त्याच्याच डिस्कवर राहिले. पान पुन्हा उघडले आणि लोड बॅलन्सरने तिला दुसरीकडे पाठवले, तर तिथे छायाचित्र नाही. सायंकाळी ६ च्या आधीची सगळी छायाचित्रे मात्र तिन्हींवर होती, कारण ती इमेजमधूनच आलेली. तंत्रज्ञाने साइट तपासली ती आठवड्यापूर्वी केलेला स्वतःचा चाचणीचा अर्ज उघडून. तो दहादा उघडला तरी दहाही वेळा छायाचित्र दिसणारच होते.

संदेश पाठवणारे काम क्रॉनमध्ये लावलेले होते. क्रॉन म्हणजे ठरल्या वेळी ठरलेला प्रोग्रॅम चालवणारी सोय. तिची यादीही डिस्कवरच असते आणि म्हणून तीही इमेजमधून आली:

```
30 3 * * * /opt/pravesh/photo-tapas.sh
```

सर्व्हरचे घड्याळ जागतिक वेळेवर होते, त्यामुळे ३:३० म्हणजे आपले सकाळचे ९. हा प्रोग्रॅम प्रत्येक अर्ज डेटाबेसमधून काढतो, आपल्या डिस्कवर त्याचे छायाचित्र आहे का ते पाहतो आणि नसेल तर संदेश धाडतो. तीन सर्व्हर, तिघांची डिस्क वेगळी, तिघांकडे हेच काम. रात्री चढवलेले छायाचित्र एकाकडे सापडले, दोघांकडे नाही. म्हणून त्या मुलांना दोन संदेश. ६ च्या आधी चढवलेले तिघांकडेही सापडले. त्यांना एकही नाही. ज्यांनी छायाचित्र जोडलेच नव्हते त्यांना तीन. म्हणजे तीन संदेश आलेली मुलेच खरी अडचणीत होती आणि कारकून त्यांनाही घरी जायला सांगत होता. कोडे उलगडल्यावर त्या मुलांची यादी काढायला दहा मिनिटे लागली, त्यांना एकेक करून फोन करायला रात्रीचे साडेनऊ वाजले.

इथे एक प्रश्न उरतो. छायाचित्रे विखुरली, संदेश तिप्पट झाले, मग विद्यार्थ्यांचे लॉगिन कसे टिकले? एका सर्व्हरवर लॉगिन केलेला विद्यार्थी दुसऱ्याकडे गेला की बाहेर फेकला जायला हवा होता. तसे झाले नाही, कारण लॉगिनची नोंद ठेवणाऱ्या रेडिसचा पत्ता सेटिंगच्या फाइलमध्ये कुणीतरी कधीकाळी `172.31.14.22` असा अंकी लिहून ठेवला होता. हा मूळ सर्व्हरचाच आतला पत्ता. इमेजमधून तो दोन्ही प्रतींत गेला आणि दोन्ही प्रती स्वतःचे रेडिस सोडून मूळ सर्व्हरकडेच विचारणा करत राहिल्या. योगायोगाने काम भागले. पण मी मूळ सर्व्हर क्षणभर थांबवला तशी तिन्हीकडची साइट एकदम बंद पडली. एक पडला तर दोन उरतील या भरवशावर पैसे मोजलेले, आणि प्रत्यक्षात तिघांचा जीव एकात. हे शोधणे अवघड नाही. इमेज घेण्याआधी आपल्याच पत्त्याचा शोध घ्यायचा:

```
sudo grep -rnF "172.31.14.22" /etc /opt /var/www
```

एकही ओळ आली तर इमेज घेण्याची वेळ अजून आलेली नाही.

मी तिथे गेलो तेव्हा आणखी एक गोष्ट नजरेला आली. देखरेखीच्या फलकावर तीनऐवजी एकच सर्व्हर दिसत होता आणि त्याचा आलेख वेड्यासारखा वरखाली उडत होता. लिनक्सचे प्रत्येक यंत्र पहिल्यांदा सुरू होताना स्वतःला एक क्रमांक देते आणि `/etc/machine-id` या फाइलमध्ये लिहून ठेवते. देखरेखीची काही साधने यंत्राला याच क्रमांकाने ओळखतात. इमेजमध्ये तो क्रमांक भरलेलाच आला, म्हणून तिन्ही यंत्रे एकाच नावाने आपापली माहिती पाठवत होती. तंत्रज्ञाला वाटले दोन प्रतींवर देखरेखीचा प्रोग्रॅम चालतच नाही. तो त्याने दोनदा पुन्हा बसवला. तसे करून क्रमांक बदलत नाही.

डेटाबेसची यंत्रे इमेजवरून उभी करणाऱ्यांना याच जातीचा अडथळा वेगळ्या ठिकाणी लागतो. मायएसक्यूएल आपली ओळख डेटाच्या फोल्डरमधल्या `auto.cnf` या फाइलमध्ये ठेवतो. ती जशीच्या तशी प्रतीत आली की मुख्य आणि दुय्यम डेटाबेसची ओळख एकच ठरते आणि त्यांच्यातली नक्कल सुरूच होत नाही. प्रतीवर ती फाइल काढून मायएसक्यूएल सुरू केला की तो नवी ओळख तयार करतो.

फसगत वाढते ती यामुळे की यातले काही काम कुणी न सांगता होऊन जाते. उबुंटूसारख्या प्रणालीत क्लाउड-इनिट नावाचा प्रोग्रॅम असतो. आपण नव्या यंत्रावर आलो आहोत हे त्याला कळते आणि तो एसएसएचच्या यंत्र-किल्ल्या नव्याने बनवतो, यंत्राचे नावही नवे लावतो. हे पाहून माणूस निर्धास्त होतो: नाव वेगळे, किल्ल्या वेगळ्या, म्हणजे यंत्रे सुटी झाली. पण `machine-id` तो आपणहून बदलत नाही. क्रॉनची यादी, सेटिंगमधले अंकी पत्ते, चढवलेल्या फायली यांच्याशी तर त्याचा संबंधच नाही. कोणते काम यंत्रागणिक एकदा व्हावे आणि कोणते सर्वांत मिळून एकदा, हे साइट चालवणाऱ्यालाच ठाऊक असते.

मायक्रोसॉफ्टच्या अझूरची एक रीत मला याबाबतीत जास्त प्रामाणिक वाटते. तिथे इमेज दोन प्रकारची असते आणि ती कोणती हे सांगावेच लागते: ओळख पुसलेली की ओळखीसकट. लिनक्समधली ओळख पुसायला `sudo waagent -deprovision+user` चालवायचे, विंडोजमध्ये सिसप्रेप. त्यानंतर मूळ यंत्राला ‘जनरलाइज्ड’ अशी खूण केली की ते पुन्हा सुरू करता येत नाही. ते इमेजपुरतेच उरते. हे गैरसोयीचे आहे, पण त्यामुळे माणसाला थांबून विचार करावा लागतो. अमेझॉनवर इमेज घ्यायला एक नाव दिले तरी पुरते आणि ओळखीचा प्रश्न कुणी विचारत नाही. तो आपण विचारायचा.

छायाचित्रे आणि संदेश यांचा त्रास त्याच दिवशी दिसला. न दिसणारा त्रास मला अधिक घोर वाटतो. त्या इमेजच्या डिस्कवर डेटाबेसचा पासवर्ड एका फाइलमध्ये होता, टाइप केलेल्या आज्ञांच्या इतिहासात आणखी एक होता आणि `authorized_keys` या फाइलमध्ये दोन वर्षांपूर्वी काम सोडून गेलेल्या माणसाची किल्ली होती. नवी प्रत उभी करताना आपण जी किल्ली निवडतो ती या यादीत भर घालते. जुन्या तशाच राहतात. म्हणजे एका दारातून आत येऊ शकणारा माणूस आता तीन दारांतून येऊ शकत होता. पासवर्डची फाइल इमेज घेण्याआधी पुसली असती तर? तेवढ्यानेही भागत नाही. स्नॅपशॉट फायलींचा नसतो, डिस्कच्या तुकड्यांचा असतो. पुसलेल्या फाइलचे नाव जाते, तिचा मजकूर त्या तुकड्यांत दुसरे काही लिहिले जाईपर्यंत पडून राहतो. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात युरोप-अमेरिकेतल्या संशोधकांनी अमेझॉनवर कुणीही वापराव्यात म्हणून खुल्या ठेवलेल्या ५ हजारांहून अधिक इमेज तपासल्या. त्यांत विसरलेल्या किल्ल्या आणि पासवर्ड निघालेच, शिवाय ज्या इमेजवर तसा प्रयत्न केला त्यांतल्या बहुसंख्य इमेजमधून पुसलेल्या फायली पुन्हा वर काढता आल्या. संस्थेची इमेज खुली नव्हती हे खरे. पण पुढच्या वर्षी काम दुसऱ्या कंत्राटदाराकडे गेले तर ती त्याच्या खात्याला एका क्लिकमध्ये देता येते आणि अशा वेळी डिस्कच्या पोटात काय आहे ते कुणी उघडून पाहत नाही.

म्हणून वर्षानुवर्षे वापरातल्या सर्व्हरची इमेज घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. कोरे यंत्र घ्यावे, त्यावर लागणाऱ्या गोष्टी एका स्क्रिप्टने चढवाव्यात, एकही पासवर्ड त्याला कधी दाखवू नये आणि मग त्याची इमेज घ्यावी. पासवर्ड प्रत सुरू झाल्यावर बाहेरच्या सुरक्षित साठ्यातून घेता येतो आणि तो घेण्याचा अधिकार यंत्राला रोलने देता येतो; डिस्कवर काही लिहावे लागत नाही. हे सारे आपोआप करणारे पॅकर नावाचे साधन २०१३ पासून उपलब्ध आहे, पण तीस-चाळीस ओळींच्या साध्या स्क्रिप्टनेही लहान संस्थेचे काम भागते. जुन्या सर्व्हरवर काय काय आहे हे कुणालाच आठवत नसेल, तर ती स्क्रिप्ट लिहिताना ते एकेक करून शोधावे लागते. आम्हाला त्यात तीन दिवस गेले. रेडिसचा तो अंकी पत्ता आणि ती जुनी किल्ली यांसारख्या आणखी चार गोष्टी त्या तीन दिवसांत सापडल्या.

कोऱ्या यंत्रावर सगळे चढवून झाले की इमेजआधी शेवटचे काम असे:

```
sudo rm -f /etc/ssh/ssh_host_*
sudo cloud-init clean --logs --machine-id
sudo poweroff
```

दुसऱ्या ओळीने क्लाउड-इनिटची आठवण पुसली जाते आणि यंत्राचा क्रमांक कोरा होतो. त्यानंतर यंत्र पुन्हा सुरू करायचे नाही, नाहीतर ते पुन्हा स्वतःला क्रमांक देईल आणि आपण तोच इमेजमध्ये टिपू. बंद असलेल्या यंत्राची इमेज निवांत घेता येते. `--no-reboot` चा प्रश्नच उरत नाही.

रेडिस मूळ सर्व्हरबाहेर काढले, शिवाय साइटमध्ये दोन बदल लागले. छायाचित्रे सर्व्हरच्या डिस्कवरून काढून तिघांनाही दिसणाऱ्या एस-थ्री या सामाईक साठ्यात नेली. संदेशांचे काम तिन्हीकडे राहू दिले, कारण ते एकाच यंत्रावर ठेवले आणि ते यंत्र बंद पडले तर संदेश कुणालाच जाणार नाहीत. तंत्रज्ञाने आधी `flock` लावून पाहिले. त्याने एका यंत्रावर एकच काम एका वेळी चालते, पण शेजारच्या यंत्राला त्या कुलपाची खबर नसते. कुलूप तिघांना दिसेल अशा जागी हवे, म्हणजे डेटाबेसमध्ये. एक छोटे टेबल केले, त्यात काम आणि दिवस या जोडीवर एकच नोंद होऊ शकेल असे बंधन घातले, आणि प्रोग्रॅमच्या सुरुवातीला ही ओळ टाकली:

```
INSERT INTO kaam_nond (kaam, divas)
VALUES ('photo-sms', CURRENT_DATE);
```

ज्याची नोंद आधी पडेल तो काम करतो. उरलेल्या दोघांना अशी नोंद आधीच आहे असे उत्तर मिळते आणि ते थांबतात.

आणखी एका तक्रारीचा उलगडा इथेच करतो, कारण ती प्रत्येक नवख्याची असते. नव्या प्रती सुरू झाल्यावर पहिली काही मिनिटे सुस्त वाटतात. नवी डिस्क जोडली जाते ती स्नॅपशॉटवरून, पण तिचे तुकडे लगेच आणलेले नसतात. जो तुकडा पहिल्यांदा लागेल तो तेव्हा साठ्यातून ओढला जातो. म्हणून गर्दी डोक्यावर आल्यावर प्रत उभी केली तर पहिल्या विद्यार्थ्यांना तीच सर्वांत संथ मिळते. प्रवेशाची शेवटची तारीख महिनाभर आधी माहीत असते. आदल्या रात्री प्रती उभ्या करून साइटची पाने एकदा फिरवून घेतली की हा प्रश्न उरत नाही.

इमेजचा क्रमांक एका विभागापुरताच असतो. मुंबईतली इमेज हैदराबादेत वापरायची तर तिथे नक्कल करावी लागते आणि तिला नवा क्रमांक मिळतो. जुनी इमेज रद्द केली म्हणजे तिचे स्नॅपशॉट आपोआप गेले असे धरू नये. ते वेगळे पुसावे लागतात किंवा रद्द करतानाच तसा पर्याय निवडावा लागतो, नाहीतर त्यांचे भाडे चालू राहते. आणि चालत्या प्रतीवर हाताने केलेली दुरुस्ती त्या प्रतीबरोबरच जाते. गर्दीप्रमाणे प्रती आपोआप वाढवणारी-घटवणारी सोय लावली असेल, तर आज दुपारी केलेली दुरुस्ती उद्या पहाटे उभ्या राहिलेल्या प्रतीत नसेल. बदल स्क्रिप्टमध्ये करायचा, नवी इमेज घ्यायची, तिच्या नावात तारीख घालायची.

हे सर्व करूनही काही सुटले असेल तर ते कळणार कसे? इमेज तपासण्याची प्रचलित रीत अशी की तिच्यापासून एक प्रत उभी करायची, साइट उघडून पाहायची आणि चालते म्हणायचे. माझा या रीतीला विरोध आहे. छायाचित्रे, संदेश, फलक यांतला एकही दोष एका प्रतीत दिसला नसता. एकच प्रत असेल तर छायाचित्र जिथे चढवले तिथेच सापडते, संदेश एकच जातो, फलकावर एकच यंत्र दिसते आणि ते बरोबरच असते. हे दोष दोन प्रतींच्या मध्ये असतात. म्हणून दोन प्रती एकाच वेळी, लोड बॅलन्सरच्या मागे, मूळ सर्व्हर बंद ठेवून चालवायच्या:

```
aws ec2 run-instances \
  --image-id ami-0123456789abcdef0 \
  --count 2 --instance-type t3.medium \
  --key-name chachani \
  --security-group-ids sg-0123456789abcdef0 \
  --subnet-id subnet-0123456789abcdef0
```

मग दोन्हींवर `cat /etc/machine-id` चालवून क्रमांक ताडायचा. नवा अर्ज भरून छायाचित्र चढवायचे आणि पान वीस वेळा ताजे करायचे. एक प्रत थांबवून दुसरी उभी राहते का ते पाहायचे. आणि क्रॉनच्या यादीतले प्रत्येक काम दोन्ही प्रतींवर एकदा तरी वेळेवर घडून जाऊ द्यायचे, म्हणजे चाचणी किमान एक दिवस चालायला हवी. नागरिकांकडून अर्ज घेणाऱ्या कोणत्याही संस्थेने कंत्राटात ही एक दिवसाची चाचणी लिहून घ्यावी. दोन लहान सर्व्हरचे एका दिवसाचे भाडे त्या पालकांच्या एसटीच्या तिकिटांपेक्षा जास्त होत नाही.

जुलैत प्रवेशाची दुसरी फेरी होती. तिच्या आदल्या दिवशी नव्या इमेजच्या दोन प्रती चालू होत्या, मूळ सर्व्हर बंद होता. तंत्रज्ञाने स्वतःच्या फोनचा क्रमांक देऊन एक अर्ज भरला आणि छायाचित्र मुद्दाम जोडले नाही. सकाळी पावणेनऊपासून आम्ही दोघे फोन टेबलावर ठेवून बसलो. ९ वाजले, संदेश आला. आम्ही सव्वानऊपर्यंत थांबलो. दुसरा आला नाही.